रात्री नऊला मोजा, सकाळी लिहा

आमच्या सोसायटीत रोज रात्री नऊ वाजता एक सामुदायिक उपासना चालते. जेवणं उरकलेली असतात, भांडी घासायला टाकलेली असतात आणि घराघरांत माणसं पडद्यावरच्या गरगर फिरणाऱ्या चक्राकडे एकटक बघत बसलेली असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या लेकाला क्लासचं रेकॉर्डिंग उतरवून हवं असतं. तळमजल्यावरच्या काकांचा नातवाशी व्हिडिओ कॉल सुरू असतो, त्यात नातवाचं तोंड उघडलेलं दिसतं आणि हसू चार सेकंदांनी ऐकू येतं. शंभर एमबीपीएसचे पैसे आम्ही सगळे भरतो, तेही वर्षाचे आगाऊ.

सगळ्यांनी तक्रारही केली होती. कॉल सेंटरला फोन लावायचा, ‘नेट स्लो आहे’ म्हणायचं, पलीकडून ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असं ऐकायचं. तोवर साडेदहा वाजतात, वेग आपोआप सुधारतो आणि राउटर चालू-बंद करण्यालाच गुण आला अशी आपली समजूत होते. सकाळी तंत्रज्ञ येतो, मोबाइलवर चाचणी घेतो, चौऱ्याण्णव दाखवतो आणि निघून जातो. तो खोटं बोलत नसतो. सकाळी वेग चौऱ्याण्णवच असतो.

मंडळी, खोट नेमकी इथे आहे. आपण रात्रीचं दुखणं सकाळच्या डॉक्टरला दाखवतो, आणि तेही ‘स्लो’ या एका विशेषणात. विशेषणावर कुणालाही कारवाई करता येत नाही. ‘मंगळवारी रात्री ९ वाजून ४ मिनिटांनी ९.६’ असं म्हटलं की मात्र समोरच्याला उत्तर शोधावं लागतं.

आधी हे होतं कसं ते बघू, कारण कारण कळल्याशिवाय पत्रात काय मागायचं तेही कळत नाही. पुणेकरांना हे पाण्यावरून चटकन समजेल. सकाळी सात वाजता अख्खी इमारत नळ सोडते तेव्हा चौथ्या मजल्यावर धार करंगळीएवढी होते. नळ तोच असतो, टाकीतून येणारी मुख्य वाहिनी सगळ्यांत वाटली जाते. इंटरनेटचंही तसंच. घरात आलेली फायबरची तार सहसा एका वाटपपेटीतून येते आणि तिथे एकाच धाग्याचे बत्तीस किंवा चौसष्ट फाटे केलेले असतात. जीपॉन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत त्या एका धाग्यावर खालच्या दिशेने सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद वेग मिळतो. चौसष्ट घरांनी तो एकाच क्षणी मागितला तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतो. पण सगळे एकाच क्षणी मागत नाहीत, म्हणून हा टप्पा सहसा इतका वाईट नसतो.

खरी अडचण त्याच्या पुढे असते. परिसरातल्या सगळ्या पेट्यांचा माल जिथे गोळा होतो, तिथून कंपनीच्या मोठ्या केंद्रापर्यंत एक दुवा जातो. समजा, तो एक गिगाबिटचा आहे आणि त्यावर शंभर एमबीपीएसचे चारशे ग्राहक टांगलेले आहेत. म्हणजे हजाराच्या वाहिनीवर चाळीस हजारांची विक्री झाली. यात बेकायदा काही नाही. सगळे एकदम वापरत नाहीत या हिशेबावरच जगभरचा हा धंदा चालतो. पण रात्री नऊला त्या चारशेंपैकी शंभरांनी एकदम जोर लावला तर हजाराला शंभरने भागा: प्रत्येकी दहा. आमच्याकडे येणारा आकडा दहाच्या आसपासच होता.

आता ‘सर, तुम्ही दोनशेचा प्लॅन घ्या’ या सल्ल्याचा अर्थ लक्षात येईल. करंगळीएवढ्या धारेसाठी नळ मोठा बसवायचा आणि त्याचे पैसे वर द्यायचे! आमच्यातल्या तीन घरांनी दोनशेचा प्लॅन घेतला. सकाळी त्यांतल्या दोन घरांना १८८ मिळू लागले आणि रात्री नऊला पूर्वीसारखेच बारा-तेरा. पत्र लिहिताना या दोन घरांचे आकडे सगळ्यांत जास्त उपयोगी पडले, तेव्हा त्यांचे पैसे अगदीच पाण्यात गेले असं म्हणवत नाही.

मोजायचं कसं याबाबत आम्ही जर्मनीकडून थोडं उसनं घेतलं. तिथल्या दूरसंचार कायद्यात १ डिसेंबर २०२१ पासून अशी तरतूद आहे की करारात लिहिलेला वेग सातत्याने मिळत नसेल तर ग्राहक बिल कमी करून मागू शकतो किंवा करार सोडू शकतो. मात्र ते सिद्ध करायला नियामक संस्थेचं मोजणीचं सॉफ्टवेअर संगणकावर घालून, संगणक तारेने राउटरला जोडून, तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून तीस चाचण्या घ्याव्या लागतात. वायफायवरची मोजणी तिथे धरतच नाहीत. आपल्याकडे बिल आपोआप कमी करणारा असा नियम नाही. पण पुरावा कसा असावा हे शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. तीसचा आकडा आम्ही तसाच ठेवला आणि दिवस आपल्या सोयीने पाच केले: सकाळी साडेसहाला एक, दुपारी तीनला एक, रात्री नऊच्या सुमारास दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन आणि पावणेबाराला एक. दिवसाला सहा, पाच दिवसांत तीस.

सकाळची आणि मध्यरात्रीची मोजणी हवीच कशाला, असं एका शेजाऱ्यांनी विचारलं. माझ्या मते तीच मोजणी सगळ्यांत मोलाची. नुसता रात्रीचा आकडा दाखवला तर कंपनी म्हणेल, तुमचा राउटर जुना, तुमची तार खराब, तुमच्या भिंती जाड. पण तोच राउटर, तीच तार आणि त्याच भिंती सकाळी ९४ देत असतील तर त्या रात्री नऊलाच कशा बिघडतात? हा प्रश्न विचारता यावा म्हणून सकाळी साडेसहाला उठायचं. डेटाची मर्यादा संपली असेल तर वेग दिवसभर पडलेला राहतो, घड्याळ बघून पडत नाही. तेही त्याच कागदावर दिसून येतं.

पण मोजण्याआधी स्वतःचं घर तपासा, आणि कठोरपणे तपासा. बारा घरांनी मोजणीला होकार दिला होता, त्यातली तीन आम्हीच वगळली. एका घरात संगणकाला जोडलेली तार जुनी होती, तिच्यातून कितीही केलं तरी पंचाण्णवच्या वर जाता येत नव्हतं, आणि ते घर नेमकं दोनशेच्या प्लॅनवरचं तिसरं घर होतं. दुसऱ्या घरात दिवसभर वायफायच्या जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच सगळं चालायचं. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यावर बोलत असतात, त्यामुळे तिथे सकाळीही तीसच मिळत होते. तिसऱ्या घरातल्या कॅमेऱ्याचं चित्रण रोज रात्री नऊला आपोआप बाहेर चढायचं, ते घरच्यांनाही माहीत नव्हतं. ही तीन घरं यादीत ठेवली असती तर कंपनीने तीच उचलून दाखवली असती आणि उरलेल्या नऊंवर पाणी पडलं असतं.

चाचणीचीही एक खोड आहे. बहुतेक चाचण्या आपण होऊन जवळचा सर्व्हर निवडतात आणि तो पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात असतो. घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रस्ता मोकळा आहे म्हणून कात्रजचा घाट मोकळा ठरत नाही. म्हणून रात्रीच्या तीन चाचण्यांपैकी एक कंपनीच्या सर्व्हरवर, एक दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर आणि एक fast.com वर घेतली. प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो काढला, त्यात वेळ, सर्व्हरचं नाव आणि पिंग दिसेल असा. आमच्याकडे तिन्हींचे आकडे सारखेच पडले. त्यावरून एवढं कळलं की अडथळा बाहेरच्या जगात नाही, कंपनीच्या आतच आहे आणि आपल्या बराच जवळ आहे.

जवळ म्हणजे किती, ते बघायला दोनच आज्ञा लागतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या, सकाळी एकदा आणि रात्री एकदा:

```
ping 192.168.1.1
tracert -d 8.8.8.8
```

पहिलीने आपल्या राउटरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ कळतो (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो राउटरच्या पाठीवरच्या कागदावर असतो). माझ्याकडे तो सकाळी एक मिलिसेकंद होता आणि रात्रीही एकच. म्हणजे घरातला रस्ता मोकळा. दुसरीने पुढचे थांबे एकाखाली एक दिसतात. राउटरच्या पलीकडचा, कंपनीचा पहिला थांबा सकाळी चार मिलिसेकंदांत उत्तर देत होता आणि रात्री नऊला सत्तरच्या आसपास. त्यापुढचे सगळे थांबेही तेवढेच वाढलेले. हे पुढचं बघणं महत्त्वाचं आहे, कारण काही यंत्रं उत्तर द्यायला मुद्दाम आळस करतात किंवा नुसती फुलीसारखी चांदणी दाखवतात. एकच थांबा उशीर दाखवत असेल आणि पुढचे सगळे चटपटीत असतील तर त्यात काही अर्थ नसतो. उशीर एका ठिकाणी सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल तर रांग तिथेच लागलेली आहे.

आणि एक गफलत टाळा. शंभर एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा असतो. फाइल उतरवताना पडद्यावर दिसतो तो MB/s, म्हणजे बाइटचा आकडा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभरच्या जोडणीवर साडेबारा दिसले की वेग पूर्ण आहे. ‘शंभरचे पैसे देऊन बाराच मिळतात’ अशी तक्रार केलीत तर कंपनीतली पोरं चहा पिताना ती एकमेकांना वाचून दाखवतील.

आता पत्र. आधी कॉल सेंटरला तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतलाच पाहिजे, त्याशिवाय पुढची पायरी नाही. आमची तक्रार त्याच संध्याकाळी ‘निराकरण झाले’ असा एसएमएस पाठवून बंद करण्यात आली. चिडू नका, तो एसएमएस जपून ठेवा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे असमाधानी ग्राहक कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करू शकतो. त्याला फी नसते आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. आमच्या अपिलातला मुख्य भाग असा:

> प्रति, अपील प्राधिकारी
>
> विषय: रात्रीच्या गर्दीच्या वेळी डाउनलोडचा वेग करारातील वेगाच्या सुमारे एक दशांश, डॉकेट क्रमांक सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे
>
> महोदय,
>
> आम्ही एकाच इमारतीतील नऊ ग्राहक. सलग पाच दिवस प्रत्येकी तीस, अशा एकूण २७० चाचण्या आम्ही राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर, घरातील इतर उपकरणे बंद ठेवून घेतल्या. सर्व चाचण्यांचे पडद्यावरील फोटो सोबत आहेत. १०० एमबीपीएसच्या एका प्रातिनिधिक जोडणीचे आकडे असे (एमबीपीएसमध्ये, रात्री ९ चा आकडा तीन चाचण्यांची सरासरी):
>
> | वार | सकाळी ६.३० | रात्री ९ | रात्री ११.४५ |
> |---|---|---|---|
> | सोम | ९४.१ | ११.२ | ८८.० |
> | मंगळ | ९३.६ | ९.८ | ९०.४ |
> | बुध | ९४.३ | १२.९ | ८६.७ |
> | गुरु | ९२.८ | १०.४ | ८९.१ |
> | शुक्र | ९४.० | ८.६ | ७१.३ |
>
> पाच रात्रींची सरासरी १०.६. दीड जीबीची फाइल सकाळी सव्वादोन मिनिटांच्या आत उतरते, तीच रात्री सुमारे एकोणीस मिनिटे घेते. २०० एमबीपीएसच्या दोन जोडण्यांनाही रात्री १२ ते १३ इतकाच वेग मिळतो; म्हणजे दोष ग्राहकाच्या घरात किंवा प्लॅनमध्ये नाही. आपल्या जाळ्यातील पहिल्या थांब्याचा प्रतिसाद सकाळी ४ मिलिसेकंद आणि रात्री ७० च्या आसपास आहे.
>
> ट्रायच्या सेवा-गुणवत्ता विनियमांनुसार ग्राहकाला सेवा देणाऱ्या नोडपासून गेटवेपर्यंतच्या दुव्याचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा लागतो. तरी (१) वरील पाच दिवसांतील रात्री ८ ते ११ या वेळेचा आमच्या परिसराच्या दुव्याचा वापर-आलेख द्यावा; (२) क्षमता कोणत्या तारखेपर्यंत वाढवणार ते लेखी कळवावे; (३) या काळातील बिलात प्रमाणशीर सूट द्यावी; (४) सुधारणा शक्य नसल्यास उरलेल्या महिन्यांची आगाऊ रक्कम दंड न आकारता परत करावी.

शुक्रवारचा पावणेबाराचा आकडा बघा. दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून माणसं उशिरापर्यंत जागी होती, तेही कागदावर उमटलं.

पत्रातला पहिला मुद्दा सगळ्यांत धारदार आहे. दुव्याच्या वापराचा आलेख प्रत्येक कंपनीकडे असतोच, त्याशिवाय जाळं चालवता येत नाही. ८० टक्क्यांची मर्यादा ट्रायने पहिल्यांदा २००६ च्या विनियमांत घातली. वापर ९० टक्क्यांवर गेला तर ती कोंडी समजून एका महिन्याच्या आत क्षमता वाढवावी, असंही त्यात होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे विनियम लागू झाले, तरी ८० ची रेघ तिथेच आहे. आलेख मागितला की कंपनीला तो द्यावा तरी लागतो किंवा का देत नाही ते सांगावं लागतं, आणि दोन्ही उत्तरं पुढे कामाला येतात.

कंपनी एका शब्दावर बोट ठेवेल: ‘पर्यंत’. शंभर एमबीपीएस‘पर्यंत’. या ‘पर्यंत’ची गोष्ट ब्रिटनमध्ये २३ मे २०१८ ला संपली. तिथल्या जाहिरात नियमांनुसार रात्री आठ ते दहा या वेळेत निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा सरासरी वेगच जाहिरातीत छापता येतो. आपल्याकडे तसं नाही, म्हणून ‘पर्यंत’शी वाद घालण्यात वेळ घालवू नका. ‘पर्यंत’ म्हणजे रोज रात्री एक दशांश, असं करारात कुठे लिहिलंय, एवढंच विचारा.

अपिलातूनही काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत, त्यासाठी तार कायद्याखाली लवाद आहे, असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं म्हणून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला ग्राहक मंचांचा हा अधिकार स्पष्ट केला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सत्तरच्या दशकात ग्राहक पंचायत उभी केली, त्या शहराने नेटच्या चक्राकडे बघत ‘चालायचंच’ म्हणावं हे मला तरी पटत नाही. मात्र त्यासाठी बिल हवं. कित्येक ठिकाणी केबलवाला रोख पैसे घेतो आणि वहीत टिकमार्क करतो. आजच त्याच्याकडून परवानाधारक कंपनीच्या नावाचं बिल मागा, कारण ज्याचं नाव बिलावर नाही त्याच्याविरुद्ध पत्र पाठवायचं कुठे?

आमचं काय झालं ते सांगतो. अपिलानंतर सव्विसाव्या दिवशी एक अभियंता आले. या वेळी सकाळी आले नाहीत, रात्री सव्वानऊला आले, आणि हाच आमचा पहिला विजय. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर चाचणी घेतली, अकरा बघितले आणि परिसराचा दुवा भरलाय हे तोंडी कबूल केलं. आलेख काही दिला नाही. तीन आठवड्यांनी दुसरा दुवा जोडला गेला आणि रात्री नऊचे आकडे ७८ ते ८६ वर आले. बिलात सूट मिळाली एका महिन्याची, मागितली होती चारची. उरलेल्या तीनसाठी आम्ही ग्राहक आयोगाकडे जाण्याच्या तयारीत आहोत.

आणि गेल्या आठवड्यात मी सहज मोजलं तर रात्री नऊला ५२. मागच्या गल्लीत दोन नव्या इमारतींना याच कंपनीच्या जोडण्या दिल्या गेल्यात. तिथल्या रहिवाशांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. तुमचा आणि आमचा दुवा आता एकच आहे, तेव्हा पुढचं पत्र नऊ घरांचं नको, चाळीस घरांचं हवं. मोजणीची वही आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवली आहे, पेन दोरीने बांधलंय. सोमवारी रात्री नऊला पहिली चाचणी. ज्यांना तारेने संगणक जोडता येत नाही त्यांनी साडेआठला खाली यावं, तळमजल्यावरच्या काकांकडे दोन तारा जादा आहेत.